गृहकर्ज मंजुरी: उद्दिष्ट १० दिवसांचं, सिस्टीम म्हणते १३. तफावतीचा अहवाल कसा मांडावा?

सिंहगडरोड_कर्जविभाग

नमस्कार. पुण्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्ज विभाग बघते. क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र आलंय की गृहकर्जाचा अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत मंजुरीपत्र निघालं पाहिजे, आणि सध्याची स्थिती, उद्दिष्ट, तफावत व तिची कारणं असा अहवाल शाखेने द्यायचा आहे. गेल्या तिमाहीत आमच्याकडे ३६ गृहकर्जं मंजूर झाली. सिस्टीमच्या अहवालात सरासरी १३ दिवस दिसतात, म्हणजे कागदावर तफावत ३ दिवसांची.

कारणांच्या रकान्यात 'कर्मचारी कमी, वकिलांकडून उशीर, ग्राहक कागद देत नाहीत' असं लिहून पाठवता येईल. पण ते वाचून नेमका कोणता दिवस कमी करायचा ते कळत नाही. हा अहवाल नीट करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

जुनी_फाईल

ताई, कारणांकडे नंतर या. १३ हा आकडा कुठपासून कुठपर्यंतचा आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी सिस्टीमचं घड्याळ फाईल लॉगिन झाल्यावर सुरू होतं, आणि शाखा लॉगिन करते सगळे कागद हातात आल्यावर. तुमच्या पत्रात मात्र 'अर्ज मिळाल्यापासून' असे शब्द आहेत. ग्राहकाने सही करून फॉर्म दिला तो दिवस आणि लॉगिनचा दिवस यांत आठवडाभराचं अंतर सहज पडतं. ते दिवस कुठल्याच अहवालात येत नाहीत.

३६ ही काही मोठी संख्या नाही, सगळ्या फाईली काढा. प्रत्येकीच्या सहा तारखा लिहा: फॉर्मवरची सहीची तारीख, लॉगिन, वकील आणि व्हॅल्युअरकडे पत्र गेलं ती तारीख, दोघांपैकी शेवटचा रिपोर्ट आला ती तारीख, मंजुरीची टिपणी वर गेली ती तारीख, आणि मंजुरी. सिस्टीममध्ये यातल्या दोन-तीनच मिळतील. बाकीच्या ईमेलमध्ये, आवक-जावक रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टवरच्या शिक्क्यात सापडतात. रिपोर्टवर छापलेली तारीख घेऊ नका, शाखेत पोचल्याची घ्या. त्या दोहोंतही फरक पडतो.

सातवा रकाना ठेवा: फाईल ग्राहकाकडे किंवा शाखेकडे परत किती वेळा आली, आणि पहिल्यांदा कशासाठी. हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, पण अहवालाचं निम्मं उत्तर त्यातच असतं.

एक्सेलवाला

तारखांची वजाबाकी साधी करू नका, रविवार आणि सुट्ट्या मध्ये येतात. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे शनिवार चालू. म्हणून आठवड्याची सुट्टी फक्त रविवार धरायची आणि ते दोन शनिवार सणांच्या सुट्ट्यांबरोबर वेगळ्या यादीत टाकायचे. यादी H रकान्यात आहे असं धरून:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,11,$H$2:$H$40)-1
=PERCENTILE.INC(D2:D37,0.8)
```

पहिल्या सूत्रातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. शेवटी एक वजा केलाय, कारण हे सूत्र पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजतं. त्याच दिवशी झालेलं काम त्याच्या हिशेबी १ दिवसाचं होतं. दुसरं सूत्र १०० पैकी ८० फाईली किती दिवसांच्या आत झाल्या ते सांगतं. नुसत्या सरासरीवर थांबू नका. ग्राहक बोलतो तो त्याच्या फाईलबद्दल, सरासरीबद्दल नव्हे. आणि ४५ दिवस रखडलेल्या दोन फाईली अख्खी सरासरी वर ओढतात.

माजी_मॅनेजर

आकडेमोड करा, पण मूळ दुखणं लपवू नका. शाखेत कर्जाला दोन अधिकारी असतात, आणि त्यांनाच केवायसी, सरकारी योजनांचे मेळावे, वसुलीचे फोन, ऑडिटची उत्तरं, सगळं बघावं लागतं. आणखी एक अधिकारी दिला तर १३ चे १० दिवस आपोआप होतील. अहवालात हे ठामपणे लिहा, नाहीतर वरचे म्हणतील की आहे त्यात भागवा.

जुनी_फाईल

साहेब, माणूस लागतो की नाही ते मोजता येतं, मग ठामपणाला आधार मिळतो. गृहकर्जाच्या एका फाईलवर अधिकाऱ्याचं प्रत्यक्ष काम किती? कागद तपासणं, सिबिल आणि उत्पन्नाची पात्रता, घराची व नोकरीच्या ठिकाणाची भेट, वकील-व्हॅल्युअरची पत्रं, रिपोर्ट वाचणं, टिपणी. भेटीचा प्रवास धरून ६ तास समजू. अधिकाऱ्याला रोज ४ तास कर्जासाठी मिळत असतील तर दोघांचे ८ तास, म्हणजे महिन्याच्या साधारण २२ दिवसांत २९ फाईली निघायला हव्यात. ताईंच्या शाखेत ३६ म्हणजे महिन्याला १२ निघतात. या हिशेबाने माणसं भरपूर आहेत, तरी फाईल रखडते. मग फाईल टेबलावर काम चालू असताना थांबत नाही, दोन टेबलांच्या मधे थांबते.

माजी_मॅनेजर

रोज ४ तास? मला हे पटत नाही. खऱ्या शाखेत २ तास मिळाले तरी पुष्कळ.

जुनी_फाईल

२ तास धरा. दोघांचे मिळून ४ तास, महिन्याला १४-१५ फाईली. येतात १२. क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर भार गेला की रांग लांबते, आणि एक जण आठवडाभर रजेवर गेला की महिना कोलमडतो. तेव्हा तुमचं म्हणणं निराधार नाही. फक्त त्यासाठी ताईंनी दोघांचा कर्जावरचा खरा वेळ दोन आठवडे टिपून ठेवावा. ४ तास निघाले तर जादा माणूस मागण्यात अर्थ नाही, २ निघाले तर आहे. हा आकडा न देता केलेली मागणी परत येते.

नऱ्हेकर

माझा प्रश्न इथे चालेल का? नऱ्ह्यात रीसेल फ्लॅट घेतोय, इमारत २०१३ ची. बँकेत फाईल देऊन महिना होत आला. आधी म्हणाले जुना करारनामा हवा, तो दिला. मग महापालिकेचा भोगवटा दाखला मागितला. सोसायटी म्हणते महापालिकेचा दाखला नाहीच. माझा सिबिल ७८० आहे, तरी कर्ज अडकतं कसं?

टायटल_सर्च

दादा, सिबिल तुमची पत सांगतो. फ्लॅटच्या मालकी हक्काचा आणि परवानगीचा त्याच्याशी संबंध नाही. नऱ्हे महापालिकेत आलं २०२१ मध्ये, त्या वेळच्या २३ गावांबरोबर. तुमची इमारत त्याच्या आधीची. तेव्हा महापालिकेचा दाखला मागणंच चूक आहे. नकाशा मंजूर झाला त्या तारखेला तिथे बांधकाम परवानगी कोण देत होतं ते बघा. मंजूर नकाशावर शिक्का कोणाचा आहे तो वाचा, पूर्णत्वाचा दाखला त्याच कार्यालयाचा लागेल. पीएमआरडीए २०१५ ची, त्यामुळे २०१३ च्या नकाशावर तिचाही शिक्का नसणार. करारनाम्याला जोडलेल्या परिशिष्टांत बहुधा बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगीची प्रत असते, ती शाखेत दाखवा. दाखला मुळातच झाला नसेल, तर मात्र ती खरी अडचण आहे आणि बँकेच्या धोरणावर अवलंबून राहील.

ताई, हे तुमच्याही कामाचं आहे. मी बँकांच्या पॅनेलवर टायटल सर्च करते. 'वकिलांकडून उशीर' हे कारण नेहमी वाचायला मिळतं, म्हणून स्पष्ट सांगते. पूर्ण संच आला तर सर्च आणि रिपोर्ट तीन-चार दिवसांत होतो. शाखेकडून येतो तो मात्र बहुतेकदा फक्त शेवटचा करारनामा. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतला, त्याने दुसऱ्याला विकला, आता तिसरा घेतोय, तर मधली प्रत्येक कडी नोंदणीच्या पावतीसह आणि इंडेक्स-२ सह लागते. मी मागणी शाखेला करते, शाखा ग्राहकाला, ग्राहक विकणाऱ्याला. विकणाऱ्याच्या फ्लॅटवर आधीच कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत पडलेले. तिथून कागदांची यादी आणि थकबाकीचं पत्र येईपर्यंत आठवडा जातो, आणि तुमच्या तक्त्यात तो आठवडा माझ्या नावावर पडतो.

सर्चही सगळा बसल्या जागी होत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पुण्यातले साधारण २००२ नंतरचे दस्त सापडतात. त्याआधीचे, किंवा ऑनलाइन नोंदीत सर्व्हे नंबर नीट न चढलेले दस्त शोधायला दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं. हवेलीत अशी बरीच कार्यालयं आहेत आणि दस्त कुठेही नोंदलेला असू शकतो.

जुनी_फाईल

म्हणून वकिलांच्या टप्प्याचे दोन भाग करा: पत्र पाठवलं तिथपासून संच पूर्ण झाला तिथपर्यंत, आणि त्यानंतर रिपोर्ट आला तिथपर्यंत. पहिल्या भागाची जबाबदारी शाखेची, दुसऱ्याची वकिलांची. हे वेगळं केलं नाही तर उपाय चुकीच्या माणसावर होतो. शाखा वकील बदलते आणि नवीन वकीलही तेवढेच दिवस घेतो.

सिंहगडरोड_कर्जविभाग

सगळ्यांचे आभार. ३६ फाईली काढल्या, तक्ता भरला. फॉर्मवरच्या तारखेपासून मोजलं तर मंजुरीपर्यंत सरासरी १९ दिवस येतात. फोड अशी: फॉर्म ते लॉगिन ६ दिवस. लॉगिननंतर पात्रता तपासून वकिलांना पत्र जाईपर्यंत २. वकिलांचा रिपोर्ट ४. त्यानंतर व्हॅल्युअर, ३. टिपणी तयार होऊन वर जायला १. वरून मंजुरी यायला ३. म्हणजे पत्रातल्या शब्दांप्रमाणे तफावत ९ दिवसांची आहे.

कुठल्याही टप्प्यावर त्रुटीसाठी परत आलेल्या फाईली २४, एकदाही परत न आलेल्या १२. न आलेल्यांची सरासरी १३ दिवस, परत आलेल्यांची २२.

पहिली त्रुटी कशासाठी: मालकीच्या साखळीतले कागद किंवा बिल्डर-सोसायटीचं ना-हरकत पत्र ११ फाईलींत, उत्पन्नाचे कागद ६ मध्ये, क्षेत्रफळ किंवा नकाशा न जुळणं ४ मध्ये, इतर ३.

जुनी_फाईल

आता तफावत वाचता येते. ९ दिवसांचे दोन वेगळे तुकडे आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा.

१९ मधून एकदाही परत न आलेल्या फाईलींचे १३ वजा केले तर ६. हे ६ दिवस त्रुटींचे. सगळ्या फाईली पहिल्या फटक्यात पूर्ण आल्या असत्या तर सरासरी १३ वर आली असती. पण १३ म्हणजेही १० नाही. उरलेले ३ दिवस कामाच्या रचनेचे आहेत. कागद कितीही चोख आले तरी ते जाणार नाहीत, कारण वकील आणि व्हॅल्युअर एकामागून एक चालतात. अहवालात हे दोन तुकडे स्वतंत्र ओळींत लिहा. मिसळले तर नवी चेकलिस्ट छापली जाते, तीन महिन्यांनी आकडा १३-१४ वर अडकतो आणि सगळे म्हणतात की चेकलिस्टचा उपयोग झाला नाही.

रचनेच्या तुकड्याबद्दल एक सावधगिरी. वकील ४, व्हॅल्युअर ३, दोघांना एकाच दिवशी पत्र दिलं तर ७ चे ४ होतील आणि ३ दिवस वाचतील असा हिशेब वरवर दिसतो. तो पूर्ण खरा नाही. प्रत्येक फाईलमध्ये दोघांपैकी जो उशिरा येईल त्याची वाट बघावी लागते, आणि काही फाईलींत तो व्हॅल्युअर असेल. त्यामुळे सरासरी ४ च्या वरच राहते, साडेचार-पावणेपाच धरा. बचत सव्वादोन-अडीच दिवसांची. राहिलेला अर्धा-पाऊण दिवस लॉगिन ते पत्र या २ दिवसांतून काढा. पात्रता तपासायला दोन दिवस लागत नाहीत, पत्रावर सही करणारा जागेवर नसतो म्हणून लागतात.

मूल्यांकन_हडपसर

व्हॅल्युअर म्हणून एकच. मला करारनाम्यासोबत मंजूर नकाशा द्या. त्या ४ फाईली अडकल्या त्याचं कारण बहुधा हेच: जुन्या करारात बिल्ट-अप किंवा सेलेबल क्षेत्र, रेराच्या काळातल्या करारात कार्पेट, आणि शाखेच्या पत्रात यांपैकी कुठलं ते लिहिलेलंच नाही. मी मोजतो कार्पेट. टिपणीत एक आकडा, रिपोर्टमध्ये दुसरा, आणि मंजुरी देणारा विचारतो फरक का. शाखेच्या पत्रात 'करारानुसार इतके चौरस फूट, कार्पेट' एवढं लिहिलं तरी पुरतं. आणि फ्लॅटची किल्ली कोणाकडे आहे त्याचा मोबाइल नंबर द्या. कुलूप बघून परत येण्यात एक दिवस जातो.

माजी_मॅनेजर

वकील आणि व्हॅल्युअर एकदम? मी सहमत नाही. दोघांची फी ग्राहक भरतो. वकिलाने टायटल खराब सांगितलं तर व्हॅल्युअरची फी वाया गेली. ग्राहक शाखेत येऊन भांडतो, ते बाहेरून दिसत नाही. आधी टायटल, मगच मूल्यांकन, ही पद्धत उगाच पडलेली नाही.

टायटल_सर्च

यात तथ्य आहे. पण टायटल पूर्ण नाकारलं जाणं आणि त्रुटी निघणं यांत फरक आहे. त्रुटी निघाली तरी कर्ज बहुधा होतंच, म्हणजे मूल्यांकन लागतंच. ३६ तर मंजूर झालेल्या फाईली आहेत. टायटलवरून नाकारलेल्या किती, तो आकडा ताईंनी अजून दिलेला नाही. त्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

एक्सेलवाला

हाच मुद्दा मांडणार होतो, आणि तो मोठा आहे. तक्त्यात फक्त मंजूर झालेल्या फाईली आहेत. नाकारलेल्या, ग्राहक कंटाळून दुसऱ्या बँकेत गेल्या त्या, आणि अजून टेबलावर पडलेल्या, कुठेच नाहीत. सगळ्यात वाईट फाईलीच मोजणीतून गळाल्या.

तपासायचा सोपा मार्ग आहे. महिन्याला १२ म्हणजे दिवसाला साधारण ०.५५ फाईल. प्रत्येक फाईल १९ दिवस राहते, तर कुठल्याही दिवशी शाखेत ०.५५ गुणिले १९, म्हणजे दहा-अकरा फाईली चालू असायला हव्यात. आज किती आहेत ते मोजा. त्याहून बऱ्याच जास्त निघाल्या तर वरच्या काही फाईली १९ दिवसांच्या हिशेबात कधीच आलेल्या नाहीत.

दुसरं, एकाच पॅनवर ६० दिवसांत दोन अर्ज क्रमांक आहेत का तेही शोधा. त्रुटी निघाली की फाईल सिस्टीममध्ये परत करायची आणि कागद आल्यावर नव्या नंबराने लॉगिन करायची, ही सवय पुष्कळ ठिकाणी असते. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण घड्याळ शून्यापासून सुरू होतं. अशा फाईलला पहिल्या नंबराची तारीख लावायची.

क्रेडिट_सेल

मी मंजुरीच्या बाजूला बसतो, म्हणून त्या शेवटच्या ३ दिवसांबद्दल लिहितो. त्यातला एक दिवस आमचा आहे, हे मान्य. दोन दिवस प्रश्नोत्तरात जातात, आणि ते प्रश्न आधीच ओळखता येण्यासारखे असतात. पगाराच्या स्लिपवर ७८ हजार आणि खात्यात जमा ७१ हजार, मधले ७ हजार कुठे गेले? पतसंस्थेचा हप्ता असेल, आगाऊ रकमेची कपात असेल. तो हप्ता असेल तर पात्रतेत धरला पाहिजे. टिपणीत एक वाक्य असतं तर विचारावं लागलं नसतं. दुसरं, व्यावसायिकाच्या विवरणपत्रातलं उत्पन्न एका वर्षात दुप्पट झालेलं असतं आणि टिपणीत त्यावर एक शब्द नसतो. तिसरं, खात्याच्या उताऱ्यात नियमित जाणारी रक्कम, जिचा सिबिलमध्ये मागमूस नाही.

आमच्या बाजूची चूकही सांगतो. प्रश्न एकेक करून पाठवले जातात. आज उत्पन्नाचा, उद्या मूल्यांकनाचा. प्रत्येक फेरीला एक-दीड दिवस. शाखेने असा नियम मागून घ्यावा की सगळे प्रश्न एकाच वेळी येतील आणि दुसऱ्या फेरीत नवा मुद्दा काढायचा असेल तर तो का ते लिहिलं जाईल. हे शाखेच्या हातात नाही, पण अहवालात 'शाखेबाहेरची कारणं' या शीर्षकाखाली ते आलं पाहिजे, फाईल क्रमांकांसह. क्रमांक नसले तर आमच्याकडे कोणी वाचत नाही.

नऱ्हेकर

टायटल सर्चवाल्या ताईंचे आभार. नकाशावर जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का निघाला, शाखेला दिलाय. पण एक विचारतो. महिन्याभरात माझ्याकडून कागद चार वेळा मागितले, वेगवेगळे. पहिल्याच दिवशी एक यादी का देत नाहीत?

जुनी_फाईल

तुमचा प्रश्न ताईंच्या त्या ११ फाईलींचंच कारण आहे. यादी दिली जाते, पण ती सगळ्यांना एकच असते. बांधकाम चालू असलेला फ्लॅट, बिल्डरकडून तयार फ्लॅट, सोसायटीतला रीसेल, आणि कर्ज असलेल्या विक्रेत्याकडून रीसेल, या चारांचे कागद वेगळे. एकाच पानावर सगळे छापले की यादी तीस-पस्तीस ओळींची होते. त्यातल्या निम्म्या ग्राहकाला लागू नसतात, म्हणून अधिकारी तोंडी सांगतो की हे नको, ते नको. त्या तोंडी सांगण्यात मधली कडी गळते.

चार वेगळी पानं करा. रीसेलच्या पानावर पहिला प्रश्न हवा: हा फ्लॅट आत्तापर्यंत किती वेळा विकला गेला? उत्तर दोन आलं तर आधीचे दोन्ही करारनामे, पावत्या आणि इंडेक्स-२, त्याच पानावर रिकाम्या चौकटी. दुसरा प्रश्न: विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे का, कोणत्या बँकेत? हो असेल तर थकबाकीचं पत्र आणि कागदांची यादी यांसाठी विकणाऱ्याने अर्ज त्याच दिवशी द्यायचा, लॉगिनची वाट बघायची नाही. त्यानंतर शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, आणि नकाशा कोणी मंजूर केला ते लिहायला एक ओळ. धायरी, उंड्री २०१७ ला महापालिकेत आली, नऱ्हे, वाघोली २०२१ ला. सिंहगड रोडच्या शाखेत ही ओळ रोज लागेल.

शेअर सर्टिफिकेट मिळत नसेल तर सोसायटी नोंदलेली आहे की अपार्टमेंट आहे ते विचारा. पुण्यात अपार्टमेंट पुष्कळ आहेत, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. नसलेल्या कागदाची मागणी हा त्रुटीचा सगळ्यात वाया जाणारा प्रकार.

सिंहगडरोड_कर्जविभाग

आज मोजलं. चालू फाईली १७ आहेत. ६ फाईली दोन महिन्यांहून जुन्या, पाचांत विक्रेत्याच्या बँकेकडून पत्र यायचंय. एकाच पॅनवर दोन क्रमांक ३ फाईलींत सापडले. तिन्ही वेळा परत केल्यावर नवं लॉगिन झालं होतं. १९ ला त्यामुळे धक्का नाही, कारण मी पहिल्या फॉर्मची तारीख धरली होती. सिस्टीमचे १३ मात्र त्यामुळे खरे नाहीत.

तिमाहीत टायटलवरून नाकारलेल्या फाईली २, उत्पन्नावरून ५.

टायटल_सर्च

मग टायटलवरून ३८ मागे २. माझ्या मते यासाठी सगळ्यांना तीन दिवस थांबवणं बरोबर नाही. फक्त पात्रता आधी पूर्ण करा, कारण ५ जण तिथेच गळतात आणि त्यांची कुठलीच फी खर्च होऊ नये.

माजी_मॅनेजर

पात्रता आधी, हे मान्य. पण त्या दोघांनी व्हॅल्युअरची फी भरली असती, त्यांचं काय? गुंठेवारीचे प्लॉट, सामायिक सात-बारा अशा प्रकरणांत तरी आधी टायटलच हवं. सगळ्यांना एक नियम लावू नका.

जुनी_फाईल

हे बरोबर आहे. नोंदणीकृत सोसायटीतला किंवा रेरा नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर दोन्ही पत्रं एकदम, प्लॉट आणि गुंठेवारीला आधी टायटल. एकदम देताना ग्राहकाची लेखी संमती घ्या की कर्ज नाकारलं तरी फी परत मिळणार नाही.

अहवालाचा तक्ता टप्प्यांप्रमाणे करा, कारणांप्रमाणे नको. प्रत्येक टप्प्यापुढे आजचे दिवस, उद्दिष्टातले दिवस, फरक, कोणाच्या हातात, आणि त्याला आधार देणारे फाईल क्रमांक. फॉर्म ते लॉगिन ६ चे २, लॉगिन ते दोन्ही पत्रं २ चा १, रिपोर्ट ७ चे साडेचार, टिपणी १, मंजुरी ३ चे दीड. बेरीज १०. यातला मंजुरीचा दीड दिवस तुमच्या हाती नाही, तेव्हा शाखेच्या बळावर साडेअकरा शक्य आहेत असं स्पष्ट लिहा. १० चं आश्वासन शाखेने एकटीने देऊ नये.

आणि त्या ६ जुन्या फाईली तक्त्याच्या खाली वेगळ्या दाखवा. पुढच्या तिमाहीत त्या मंजूर झाल्या की तुमची सरासरी १९ वरून वर जाईल, काम सुधारलेलं असूनही. आत्ताच लिहून ठेवलं तर तेव्हा खुलासा द्यावा लागणार नाही.

क्रेडिट_सेल

एक शंका राहते. पत्रातलं 'अर्ज मिळाल्यापासून' म्हणजे फॉर्म की लॉगिन? दुसऱ्या शाखांनी लॉगिनपासून मोजून १२-१३ दाखवले तर तुमचे १९ यादीत तळाला दिसतील.

सिंहगडरोड_कर्जविभाग

तेच क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत दोन्ही आकडे शेजारी शेजारी देतेय, १९ आणि १३, प्रत्येकाखाली कुठल्या तारखेपासून मोजले ते लिहून. दोघा अधिकाऱ्यांच्या वेळेची नोंद सोमवारपासून सुरू केलीय. रीसेलचं पान तयार आहे, बाकीची तीन व्हायची आहेत. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या पानावर बिल्डरचं ना-हरकत पत्र कोणत्या नमुन्यात घ्यायचं यावर कोणाकडे पक्की माहिती असेल तर लिहा. आमच्याकडे प्रत्येक बिल्डरचा मसुदा वेगळा येतो आणि त्यातले दोन-तीन दर वेळी परत जातात.

टायटल_सर्च

बिल्डरचा मसुदा घेऊच नका, बँकेचा स्वतःचा नमुना द्या. त्यात चार गोष्टी हव्यात: फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्र करारनाम्याप्रमाणे, आतापर्यंत मिळालेली रक्कम, जमिनीवर किंवा प्रकल्पावर दुसऱ्या कुणाचा बोजा असेल तर त्या संस्थेचं या फ्लॅटपुरतं ना-हरकत, आणि बँकेच्या लेखी संमतीशिवाय करार रद्द करून पैसे ग्राहकाला परत देणार नाही हे कलम. परत जाणाऱ्या पत्रांत बहुतेकदा तिसरी गोष्ट नसते. प्रकल्पावर कर्ज आहे का ते महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आधीच बघून घ्या, आणि असेल तर त्या संस्थेच्या पत्राची मागणी पहिल्याच दिवशी करा. बिल्डरच्या ऑफिसातून ते यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.